उणे ४३ मिलिमीटर पाऊस

“सर, मी सात दिवसांच्या पावसाची बेरीज काढायचा प्रोग्रॅम लिहिलाय. मधल्या कुठल्याही दिवसांची बेरीज विचारली तर उत्तर बरोबर येतं. पहिल्या दिवसापासूनची विचारली की चुकतं. पहिल्या तीन दिवसांचा पाऊस उणे ४३ मिलिमीटर दाखवतोय! एररही येत नाही. सूत्र तर तेच आहे, मग शून्यावरच काय बिघडतं?”

नुकतंच पायथन शिकू लागलेल्या एका विद्यार्थिनीचं हे पत्र. सोबत तिचा कोडही होता, त्यातला कामाचा भाग एवढाच:

```
a = [12, 0, 35, 8, 20, 5, 10]
p = [12, 12, 47, 55, 75, 80, 90]
bereej = p[r] - p[l-1]
```

`a` म्हणजे रोजचा पाऊस आणि `p` म्हणजे त्या त्या दिवसाअखेरची धावती बेरीज. दिवस शून्यापासून मोजलेले. `l` हा पहिला दिवस, `r` हा शेवटचा. सातच आकडे असतील तर हा खटाटोप लागत नाही, सरळ बेरीज करावी. पण आकडे एक लाख आणि प्रश्नही एक लाख असतील, तर दर वेळी पहिल्यापासून मिळवत बसणं संगणकालाही जड जातं. धावती बेरीज एकदा मांडून ठेवली की प्रत्येक प्रश्नाला एक वजाबाकी पुरते. विजेच्या बिलात चालू रीडिंगमधून मागील रीडिंग वजा करतात, तसंच.

दिवस २ ते ४ घ्या. `p[4]` आहे ७५, `p[1]` आहे १२. उत्तर ६३, आणि ३५, ८, २० यांची बेरीजही ६३च. आता दिवस ० ते २. `p[2]` आहे ४७. त्यातून वजा करायचं `p[-1]`, म्हणजे शून्याच्या आधीच्या दिवसाची बेरीज. असा दिवस यादीत नाहीच. पण पायथनमध्ये उणे एक या इंडेक्सला स्वतःचा अर्थ आहे: यादीतला शेवटचा घटक. शेवटचा आकडा ९०, म्हणजे सगळ्या आठवड्याचा पाऊस. सत्तेचाळीसमधून नव्वद गेले, उरले उणे त्रेचाळीस. पायथनने सांगितलं तेच केलं, म्हणून एरर नाही.

शून्यापासून सुरू होणारं प्रत्येक उत्तर बरोबर एकूण बेरजेइतकं कमी येतं, ही या चुकीची खूण. पूर्ण आठवडा विचारला तर उत्तर चक्क शून्य. पाऊस उणे असू शकत नाही म्हणून हिला शंका तरी आली. नफा-तोट्याचे आकडे असते तर उणे उत्तर सहज खपून गेलं असतं, आणि एकूण बेरीजच शून्य असती तर उत्तरं योगायोगाने बरोबर आली असती.

दुसऱ्या भाषांत हीच चूक वेगळं तोंड दाखवते. जावा तिथेच प्रोग्रॅम थांबवून इंडेक्स चुकल्याचं सांगते. सी++ मध्ये साध्या ॲरेच्या आधीच्या मेमरीत जे पडलं असेल ते उचललं जाऊ शकतं. तिथे शून्य असेल तर आपल्या मशीनवर उत्तर बरोबर आणि दुसऱ्याच्या मशीनवर चूक. हा प्रकार मला सगळ्यांत वाईट वाटतो.

उपाय दोन. `l` शून्य असेल तर वजाबाकी न करता थेट `p[r]` द्यायचं. चालतं, पण ही अट प्रत्येक ठिकाणी आठवणीने लिहावी लागते. मला दुसरा पसंत आहे: धावत्या बेरजेच्या सुरुवातीलाच एक शून्य ठेवायचं.

```
p = [0]
for x in a:
    p.append(p[-1] + x)
bereej = p[r+1] - p[l]
```

आता `p[i]` म्हणजे पहिल्या `i` दिवसांची बेरीज. एकही दिवस घेतला नाही तर बेरीज शून्य, म्हणून `p[0]` शून्य. दिवस ० ते २ साठी `p[3]` वजा `p[0]`, म्हणजे ४७. (गंमत बघा, ज्या `p[-1]` ने घोळ घातला तोच इथे मागची बेरीज आणून देतो, कारण इथे शेवटचा घटकच हवा आहे.) यादी आता सातऐवजी आठ आकड्यांची होते, एवढाच खर्च.

हा बदल करताना नवशिके बहुधा अर्ध्यावर थांबतात. शून्य घालतात, पण सूत्रात `p[r+1]` ऐवजी `p[r]` ठेवतात. मग शेवटचा दिवस गळतो आणि एकाच दिवसाचा पाऊस विचारला की उत्तर नेहमी शून्य येतं.

तेव्हा असा कोड लिहिलात तर मधले दिवस तपासून समाधान मानू नका. पहिला एकटा दिवस, शेवटचा एकटा दिवस आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत, हे तीन प्रश्न आधी विचारा आणि उत्तरं साध्या बेरजेशी ताडून पाहा.