जुलाब दातांचे नव्हेत

आठ महिन्यांच्या बाळाला सकाळपासून पाच वेळा पाण्यासारखी शी झालेली असते, अंगही तापलेलं असतं. घरातली एखादी अनुभवी बाई त्याच्या हिरडीवरून बोट फिरवते. खालची हिरडी टणक, फुगीर लागते. "दात येताहेत, जुलाब व्हायचेच," असा निर्वाळा मिळतो आणि दवाखान्याची वाट आणखी दोन दिवस लांबते. या दोन दिवसांतच बाळाच्या अंगातलं पाणी कमी होत जातं.

दात आणि जुलाब एकाच सुमारास येतात, हे निरीक्षण खोटं नाही. खालचे पुढचे दोन दात बहुतेक बाळांना सहाव्या महिन्याच्या आसपास येतात. काहींना चौथ्यात, काहींना वर्ष भरत आल्यावर. नेमक्या याच काळात आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत असते, वरचं अन्न सुरू झालेलं असतं आणि रांगणारं बाळ हाताला लागेल ते तोंडात घालत असतं. जंतू पोटात जातात ते या वाटांनी. दात फक्त त्याच वेळी येत असतो.

अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 125 बाळांच्या आईवडिलांनी रोजच्या रोज नोंदी ठेवल्या होत्या. दात वर येण्याआधीचे चार दिवस, तो दिवस आणि नंतरचे तीन दिवस एवढ्यात लाळ, चावण्याची ओढ, हिरड्या चोळणं आणि किरकिर वाढलेली दिसली. अंगही किंचित कोमट झालं. जुलाब, उलटी, खोकला मात्र वाढले नाहीत. म्हणून ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला, तर त्याचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं. तीन महिन्यांहून लहान बाळाला एवढा ताप आला तर लगेच डॉक्टर गाठावेत.

वरच्या बाळापुरतं बोलायचं, तर त्याला तेव्हाच ओआरएस हवं. एक लिटरचं पाकीट असेल तर ते पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यात एकदम कालवायचं. अंदाजाने थोडं थोडं नाही, कारण क्षारांचं प्रमाण चुकलं तर उपाय उलटतो. प्रत्येक पातळ शीनंतर 50 ते 100 मिलिलिटर, चमच्याचमच्याने. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. सहा महिन्यांपुढच्या बाळाला डॉक्टर सोबत 20 मिलिग्रॅम झिंक रोज, 14 दिवस देतात. सहा तास शू झाली नाही, डोळे खोल गेले, बाळ मलूल पडलं, पिईना किंवा शीत रक्त दिसलं, तर थेट रुग्णालय गाठायचं.

हिरडी खरोखर ठणकत असेल तेव्हा सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे साबणाने धुतलेलं बोट. एक-दोन मिनिटं हलक्या दाबाने हिरडी चोळली की बहुतेक बाळं शांत होतात. स्वच्छ सुती फडकं ओलं करून फ्रिजमध्ये गार करावं आणि चावायला द्यावं. अखंड रबरी टीदरही चालतो, पण तो बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. गोठलेली वस्तू नाजूक हिरडीला इजा करते. लाळेने हनुवटी लाल होते, ती घासून न पुसता टिपावी आणि वर थोडी पेट्रोलियम जेली लावावी. हिरडीवर निळसर फोड दिसला तर तो फोडू नये, दात वर आला की तो आपोआप जातो.

आपल्याकडे खारीक चघळायला देतात. तिचा तुकडा मोडून घशात अडकू शकतो. कच्च्या गाजराचंही तेच. हिरडीवर मध लावणं तर वर्षाआतल्या बाळासाठी धोक्याचं, कारण त्यात बोट्युलिझमचे बीजाणू असू शकतात. गळ्यातल्या अंबरच्या माळेने झोपेत गळफास लागून दीड वर्षाचं एक मूल दगावल्याची नोंद अमेरिकी औषध प्रशासनाने 2018 साली आपल्या इशाऱ्यात केली होती. आधी वरचे दात आले तर मामावर संकट येतं, ही समजूतही निराधार आहे. दातांचा क्रम मागेपुढे होतोच.

बधिर करणाऱ्या जेलपासून तर लांबच राहावं. त्यातल्या बेन्झोकेनमुळे रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटू शकते, बाळाचे ओठ निळसर पडतात. लिग्नोकेन गिळलं गेलं तर झटके येऊ शकतात. शिवाय लाळेबरोबर जेल काही मिनिटांत वाहूनच जातं.

फारच त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल द्यावं. इथे एक चूक हमखास होते. एका वेळचा डोस किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, म्हणजे आठ किलोच्या बाळाला 80 ते 120. 5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम असलेलं सिरप 4 मिलिलिटर दिलं, की 96 मिलिग्रॅम होतात. पण थेंबांच्या बाटलीत बहुधा दर मिलिलिटरमागे 100 मिलिग्रॅम असतात. तेच 4 मिलिलिटर थेंबांच्या बाटलीतून गेले तर बाळाच्या पोटात 400 मिलिग्रॅम जातात. म्हणून मोजण्याआधी लेबलवरचा आकडा वाचायचा आणि त्या बाटलीचंच ड्रॉपर वापरायचं.