हूज आणि हू’ज : एका चिन्हाची कथा

आपल्या वसतिगृहाच्या व्हरांड्यात सापडलेल्या वस्तू ठेवण्याची एक लाकडी पेटी असे. एकाच चपला, कंपासपेटीचे झाकण, कुणाचा तरी मफलर. मी इंग्रजी शिकवीत असताना सातवीच्या एका विद्यार्थ्याने त्या पेटीवर कागद चिकटवला. त्यावर इंग्रजीत लिहिले होते, ‘हू’ज थिंग्ज आर दीज?’ या वस्तू कोणाच्या आहेत, असे त्याला विचारायचे होते. वाचणाऱ्या प्रत्येकाला अर्थ कळत होता. तरीही ते वाक्य चुकले होते.

वाचकांनी येथे एक अडचण ध्यानात घ्यावी. इंग्रजीत हे दोन निरनिराळे शब्द आहेत, पण दोन्हींचा उच्चार तंतोतंत एकच आहे. फरक आहे तो केवळ लेखनात. ‘कोणाचा’ या अर्थाचा शब्द डब्ल्यू, एच, ओ, एस, ई या पाच अक्षरांनी लिहितात. तो मी येथे ‘हूज’ असा लिहितो. दुसऱ्या शब्दात ‘हू’नंतर वर एक स्वल्पविरामासारखे चिन्ह येते, ज्याला अपॉस्ट्रॉफी म्हणतात, आणि मग एकटे एस, तो ‘हू’ज’ असा लिहितो. कानाला फरक कळत नाही, म्हणून चूक हाताकडून होते. मोबाईलमधील शुद्धलेखन तपासणीही ती पुष्कळदा पकडत नाही, कारण दोन्ही शब्द कोशात आहेतच.

मी त्या मुलाला एवढेच सांगितले, की ते चिन्ह म्हणजे गाळलेल्या अक्षराची खूण आहे. गाळलेले परत घालून वाच. ‘हू’ज’ म्हणजे ‘हू इज’ किंवा ‘हू हॅज’, तिसरे काही नाही. त्याने वाचले, ‘हू इज थिंग्ज आर दीज?’ आणि तोच हसला. मग त्याने एक प्रश्न विचारला, तो मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. “सर, सुनीलचे पुस्तक लिहिताना सुनीलच्या नावापुढे तेच चिन्ह आणि एस लावायला तुम्हीच शिकवलेत. मग ‘कोणाचे’ लिहिताना का लावायचे नाही?”

बहुतेक चुकांचे मूळ याच प्रश्नात आहे. मुले निष्काळजी असतात म्हणून नव्हे, तर नियम लागू करतात म्हणून चुकतात. सुनील हे नाम आहे, आणि नामाला मालकी दाखविताना इंग्रजीत ते चिन्ह लागते. सर्वनामांचा कारभार वेगळा आहे. हिज, हर्स, इट्स, आवर्स, यॉर्स, देअर्स या मालकीदर्शक सर्वनामांपैकी एकालाही ते चिन्ह नाही, आणि हूज याच कुळातला आहे. जो हूज चुकतो तो बहुधा ‘इट्स’ही चुकतो, तेथेही चिन्ह घातले की अर्थ ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ असा होतो.

पुष्कळ ठिकाणी एक सोपी खूण सांगतात, की पुढे नाम आले तर हूज आणि क्रियापद आले तर हू’ज. ती बऱ्याच वेळा चालते, पण तिच्यावर विसंबू नये. ‘हूज इज धिस?’ म्हणजे ‘हे कोणाचे आहे?’ हे वाक्य शुद्ध आहे आणि हूजपुढे नाम नाही. उलट ‘सिंगिंग’ हा एकच शब्द दोन्हींपुढे येतो. ‘हू’ज सिंगिंग?’ म्हणजे कोण गात आहे. ‘हूज सिंगिंग डिड यू हिअर?’ म्हणजे तू कोणाचे गाणे ऐकलेस. म्हणून ‘हू इज’ किंवा ‘हू हॅज’ घालून वाचण्याची कसोटीच पक्की. ‘हू’ज टेकन माय बुक?’ येथे ‘हू हॅज टेकन’ बसते, म्हणून चिन्ह हवे. शिवाय अर्ज, विनंतीपत्र अशा औपचारिक लेखनात संक्षेप टाळून ‘हू इज’ असे पूर्ण लिहावे. मग चिन्हाचा प्रश्नच उरत नाही.

आता हूजचे दुसरे काम पाहू. ते ‘कोणाचा’ एवढेच नव्हे, तर ‘ज्याचा’ही आहे, आणि येथे मराठी मुलाला मराठीच थोडी आडवी येते. आपण म्हणतो, ‘ज्या मुलाचे वडील गवंडी आहेत, तो हा मुलगा.’ इंग्रजीत मुलगा आधी येतो आणि ‘ज्याचे वडील’ त्याच्या मागोमाग. ‘धिस इज द बॉय’ आणि ‘हिज फादर इज अ मेसन’ ही दोन वाक्ये जोडायची, तर ‘हिज’ काढून त्याच जागी हूज ठेवायचा : ‘धिस इज द बॉय हूज फादर इज अ मेसन.’ ‘हू हिज फादर’ अशी जोडणी मी शेकडो वह्यांत पाहिली आहे. हूजमध्ये ‘हिज’ सामावलेला असतो, हे ध्यानात न आल्याने दोन्ही लिहिले जातात.

वस्तू वाक्याच्या शेवटी असेल तर आणखी एक पायरी लागते. ‘आय नो द गर्ल’ आणि ‘यू फाउंड हर पेन’ ही वाक्ये घ्या. ‘हर’च्या जागी हूज घातला की ‘यू फाउंड हूज पेन’ होते. पण ‘हूज पेन’ ही जोडी अखंड उचलून मुलीच्या शेजारी आणावी लागते : ‘आय नो द गर्ल हूज पेन यू फाउंड.’ हूज आणि पेन यांची ताटातूट करायची नाही. एक सवलत मात्र आहे. मराठीत ज्याचा, जिची, ज्यांचे अशी रूपे मालकाप्रमाणे आणि वस्तूप्रमाणे बदलतात. हूज कधीही बदलत नाही.

हा शब्द निर्जीव वस्तूंना चालतो का, असे पुष्कळ जण विचारतात. ‘हू’ माणसांसाठी, तेव्हा हूजही माणसांसाठीच, असा तर्क असतो. अठराव्या शतकातील काही इंग्रज वैयाकरणांचेही तसेच मत होते. भाषेचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. प्राचीन इंग्रजीत ‘कोण’ आणि ‘काय’ या दोन्ही शब्दांचे षष्ठीचे रूप एकच होते, आणि आजचा हूज त्याच रूपापासून आला आहे. मिल्टनने 1667 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पॅरडाइज लॉस्ट’च्या आरंभीच एका झाडासाठी हूज वापरला आहे. तेव्हा ‘द ट्री हूज ब्रँचेस फेल’ किंवा ‘अ हाउस हूज रूफ लीक्स’ ही वाक्ये निःशंकपणे लिहावीत. ‘द रूफ ऑफ विच लीक्स’ हेही शुद्ध आहे, पण छोट्या वाक्यात ते अवजड वाटते.

मर्यादा आहे ती प्रश्नात. प्रश्न विचारताना हूज फक्त व्यक्तींसाठी येतो. जमिनीवर पडलेले पान उचलून ‘हूज लीफ इज धिस?’ विचारले, तर ऐकणारा पानाचा मालक शोधू लागेल. कोणत्या झाडाचे, हे जाणून घ्यायचे असेल तर ‘विच ट्री इज धिस लीफ फ्रॉम?’ असे विचारावे. मराठीत आपण ‘कशाचे पान?’ असे वेगळ्या शब्दाने विचारतो, तोच हा भेद.

दुसऱ्या दिवशी पेटीवर नवा कागद होता, ‘हूज थिंग्ज आर दीज?’ त्याखाली कोणीतरी पेन्सिलीने लिहिले होते, ‘द मफलर इज माइन.’ मफलर पेटीतून गेलेला होता. चपला मात्र परीक्षेपर्यंत तेथेच होत्या.