बेकारी वाढली, चोऱ्या का घटल्या?

डिसेंबर २००७ मध्ये अमेरिकेतला बेकारीचा दर पाच टक्के होता. ऑक्टोबर २००९ मध्ये तो दहा टक्क्यांवर पोहोचला. बँका बुडाल्या, कर्ज थकलेल्यांची घरं जप्त झाली, कारखान्यांनी पाळ्या बंद केल्या. आता चोऱ्यामाऱ्यांना ऊत येणार, असं तिथले वर्तमानपत्रवालेच नव्हे, जाणकारही म्हणत होते. एफबीआयने २००९ चे आकडे जाहीर केले, तेव्हा हिंसक गुन्हे आदल्या वर्षापेक्षा ५.३ टक्क्यांनी आणि मालमत्तेचे गुन्हे ४.६ टक्क्यांनी घटलेले निघाले. उलट १९६० चं दशक अमेरिकेच्या भरभराटीचं होतं. १९६९ मध्ये बेकारी साडेतीन टक्क्यांवर उतरली होती आणि त्याच दशकात नोंदलेल्या गुन्ह्यांचं प्रमाण दुपटीच्या आसपास वाढलं होतं. पोटात आग पडली की माणूस चोरी करतो, ही आपली ठाम समजूत. तिला पुरावा शोधायला जावं तर हाती असं काही लागतं.

या समजुतीला अर्थशास्त्राचं रूप दिलं गॅरी बेकर यांनी, १९६८ मध्ये. त्यांचा हिशेब सरळ होता. गुन्ह्यातून मिळणारी कमाई एका पारड्यात. सरळ मार्गाने मिळणारी मजुरी, पकडलं जाण्याची शक्यता आणि शिक्षा दुसऱ्या पारड्यात. मजुरीच हातची गेली तर दुसरं पारडं हलकं होणार आणि गुन्हे वाढणार. पुढच्या दोन दशकांत संशोधकांनी हा हिशेब आकड्यांवर घासून पाहिला. १९८७ मध्ये थिओडोर चिरिकोस यांनी असे ६३ अभ्यास एकत्र मांडले, तेव्हा चित्र संमिश्र दिसलं. चोरी-घरफोडीच्या बाबतीत संबंध बऱ्यापैकी दिसत होता, खून-मारामारीत फारसा नाही. शहर किंवा वस्तीच्या पातळीवर तो ठळक होता, देशाच्या एकत्रित आकड्यांत फिका. यावर ‘अर्थतज्ज्ञ दहा आणि मतं बारा’ म्हणून हात झटकणं सोपं आहे. पण हे निकाल अंदाधुंद नाहीत. ते कुठे जुळतात आणि कुठे फुटतात, यातही एक शिस्त आहे. माझं म्हणणं एवढंच की बेकारी आणि महागाई गुन्ह्यांना एकाच वेळी दोन उलट दिशांनी ढकलतात आणि एकूण आकड्यात हे दोन धक्के एकमेकांना खाऊन टाकतात.

यातला पहिला धागा १९८५ मध्ये डेव्हिड कँटर आणि केनेथ लँड यांनी सोडवला. बेकारीने चोरीची गरज वाढते, पण चोरीची संधी घटते. नोकरी गेलेला माणूस दिवसभर घरी असतो, म्हणजे घरफोडी करणाऱ्याला कुलूपबंद घर मिळत नाही. हॉटेलात जाणं, रात्री उशिरा परतणं कमी होतं. नवा टीव्ही, नवी गाडी घेणं लांबणीवर पडतं, म्हणजे चोरण्याजोगं नवं काही बाजारात कमीच येतं. हे सगळं नोकरी गेल्या गेल्या घडतं. गरजेचा चटका मात्र लगेच बसत नाही. आधी शिल्लक संपते, मग बेकारभत्ता, मग भावाकडून किंवा मित्राकडून घेतलेली उसनवारी. म्हणून बेकारी वाढली त्या वर्षी गुन्हे घटलेले दिसू शकतात आणि पुढे ती तशीच राहिली तर वाढलेले. ज्याने त्याच वर्षाचे आकडे घेतले त्याला एक उत्तर मिळालं, ज्याने वर्षभर मागे सरकून पाहिलं त्याला दुसरं.

पण उलट दिशेचा धक्का याहून अनपेक्षित वाटेनेही येतो. एकोणिसाव्या शतकातलं बव्हेरिया हे त्याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण. तिथल्या गरिबाची भाकरी राय नावाच्या धान्याची. १८३५ ते १८६१ या काळातले रायचे भाव आणि चोऱ्यांचे आकडे गेओर्ग फॉन मायर या संख्याशास्त्रज्ञाने शेजारी मांडले होते आणि राय महागली की चोऱ्या वाढतात असं दाखवलं होतं. दीडेकशे वर्षांनी मेलम, मिगेल आणि तोरविक या तिघांनी तेच आकडे पुन्हा हाती घेतले. भाव आणि गुन्हे दोन्हींमागे तिसरंच एखादं कारण असेल ही शंका होती, म्हणून त्यांनी पावसाचा आधार घेतला. अतिवृष्टीने पीक कुजतं आणि भाव चढतो, पण पाऊस काही चोरांकडे बघून पडत नाही. पावसामुळे जेवढा भाव चढला तेवढाच भाग त्यांनी मोजला. मालमत्तेचे गुन्हे वाढलेले निघाले, अपेक्षेप्रमाणे. हिंसक गुन्हे मात्र चक्क घटले होते. त्याचं त्यांनी दिलेलं संभाव्य कारण असं की राय बुडवणाऱ्या पावसाने बार्लीही बुडायची, त्यामुळे बिअर महागायची, आणि महाग बिअर म्हणजे गुत्त्यातल्या मारामाऱ्या कमी. एकाच महागाईने एक गुन्हा वाढवला आणि दुसरा घटवला. चोरी आणि मारामारी एका बेरजेत घातली असती तर ‘महागाईचा गुन्ह्यांशी संबंध नाही’ असा निष्कर्ष निघाला असता, आणि गणितात एकही चूक सापडली नसती.

पावसासारखीच युक्ती आणखी एका गाठीसाठी लागते. बेकारीने गुन्हे वाढतात, तसे गुन्ह्यांनीही बेकारी वाढते. ज्या भागात लूटमार होते तिथली दुकानं उठतात, आणि तुरुंगातून सुटलेल्याला कोणी कामावर घेत नाही. मग दोन्ही आकडे एकत्र वाढले तर कोणामुळे कोण? स्टीव्हन राफेल आणि रुडॉल्फ विंटर-एब्मर यांनी २००१ मध्ये अमेरिकेच्या राज्यांसाठी यावर तोडगा काढला. संरक्षण खात्याची कंत्राटं आणि तेलाच्या किमतीचे धक्के राज्याराज्यांतल्या नोकऱ्या हलवतात, पण स्थानिक चोऱ्यांमुळे ते ठरत नाहीत. एवढाच भाग वेगळा काढल्यावर मालमत्तेच्या गुन्ह्यांशी बेकारीचा संबंध पक्का निघाला. हिंसक गुन्ह्यांशी तो कच्चाच राहिला. आकार किती? या आणि अशा अभ्यासांतून सर्वसाधारणपणे निघतं ते असं, की बेकारी एका टक्का-बिंदूने वाढली तर मालमत्तेचे गुन्हे एक ते दोन टक्क्यांनी वाढतात. ज्या शहरात वर्षाला एक लाख चोऱ्या होतात, तिथे बेकारी पाचवरून आठवर गेली तर तीन ते सहा हजार चोऱ्यांची भर. ही भर खरी आहे, पण पोलीस, तुरुंग, कुलपं किंवा लोकसंख्येतलं तरुणांचं प्रमाण बदललं तर ती सहज झाकली जाते. २००९ मध्ये बहुधा हेच झालं. असे अभ्यास गरिबावर संशय घ्यायला शिकवतात, हा आक्षेप नेहमी येतो. हा आकडाच त्याला उत्तर आहे. बेकारांपैकी जवळजवळ सगळे चोरी करत नाहीत. म्हणून तर भर इतकी लहान.

महागाईचं गणित आणखी वेगळं आहे, कारण महागाई चोराच्या मालाचाही भाव वाढवते. ब्रिटनच्या रेल्वेची तांब्याची केबल घ्या. २००३ मध्ये टनाला दोन हजार डॉलरच्या आत असलेलं तांबं २००६ च्या मध्यावर आठ हजारांपलीकडे गेलं. त्या काळात ब्रिटनमध्ये इतर चोऱ्या घटत होत्या, पण रुळांलगतची केबल रातोरात कापली जायची, वरचं प्लास्टिक जाळलं जायचं आणि तार भंगारवाल्याकडे वजनावर रोखीने विकली जायची. एडन साइडबॉटम आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तांब्याचा भाव चढल्यावर थोड्या अंतराने केबलचोरी वाढते असं दिसलं. बेकारीच्या दराशी तिचा संबंध त्यांना आढळला नाही. म्हणजे इथे भूक नव्हे, भाव बोलत होता. डिसेंबर २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये भंगाराचे पैसे रोख द्यायला बंदी आली आणि केबलचोरी घटली. अर्थात त्याच सुमारास तांबंही उतरत होतं, त्यामुळे श्रेय कुणाचं किती हा वाद राहिलाच.

रिचर्ड रोझेनफेल्ड यांनी हाच विचार सगळ्या महागाईला लावला. वस्तू महागल्या की लोक स्वस्त माल शोधतात, चोरीच्या मालाला गिऱ्हाईक वाढतं, आणि गिऱ्हाईक वाढलं की चोर कामाला लागतात. २००९ मध्ये अमेरिकेतली सरासरी महागाई शून्याखाली गेली होती, म्हणून बेकारी दुप्पट होऊनही चोऱ्या घटल्या, असं त्यांचं स्पष्टीकरण. ते मला पटतं, पण अर्धंच. महागाईचा निर्देशांक हा घरभाडं, दवाखाना, दूध, सगळ्याची सरासरी असते, आणि घरभाडं कोणी चोरून विकत नाही. २०२२ मध्ये तिथे महागाई नऊ टक्क्यांवर गेली आणि गाड्यांच्या चोऱ्याही वाढल्या, तेव्हा हा सिद्धांत खरा ठरल्यासारखा वाटला. पण २०२३ मध्ये महागाई उतरूनही गाड्यांच्या चोऱ्या वाढतच राहिल्या. दोन कोरियन कंपन्यांच्या काही मॉडेलांत चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप नव्हतं आणि ती कशी सुरू करायची याचे व्हिडिओ पोरांच्या फोनवर फिरत होते.

‘सगळंच परिस्थितीवर अवलंबून’ म्हणायचं असेल तर या सिद्धांतांना खोटं कसं पाडणार, असा एक रास्त आक्षेप आहे. पण गरजेचा धक्का उशिराने, मालमत्तेच्या गुन्ह्यांत आणि हलाखी जिथे साचते त्या वस्त्यांत दिसायला हवा. संधीचा धक्का लगेच आणि घरफोडीत. भावाचा धक्का ज्या वस्तूचा भाव चढला तिच्याच चोरीत. तिथे तो दिसला नाही तर सिद्धांत पडला. रेल्वेच्या केबलपुरता बेकारीचा सिद्धांत असाच पडला.

भारतात ही कसोटी लावताना आधी आकड्यांचाच पाया तपासावा लागतो. श्रमबल सर्वेक्षणात २०१७-१८ मध्ये ६.१ टक्के असलेली बेकारी २०२३-२४ मध्ये ३.२ टक्के झाली. पण ज्याला घरी बसणं परवडत नाही तो भाजीची गाडी लावतो किंवा भावाच्या शेतात राबतो, आणि कामकरी म्हणून मोजला जातो. आपल्याकडची तंगी बेकारीच्या दरात उतरतेच असं नाही. ती मिळकतीत आणि पावसात शोधावी लागते. शीतल सेखरी आणि अ‍ॅडम स्टोरीगार्ड यांनी २००२ ते २००७ चे जिल्हावार आकडे तपासले, तेव्हा पाऊस स्थानिक सरासरीपेक्षा एका प्रमाण विचलनाने कमी झाला की नोंदलेले हुंडाबळी सुमारे आठ टक्क्यांनी वाढलेले दिसले. दुष्काळात सासरचे सुनेच्या माहेराकडे पैशाचं झाड म्हणून बघतात. हा गुन्हा कोणत्याही ‘चोरी’च्या रकान्यात येत नाही, पण त्याचं मूळ खास आर्थिक आहे.

गुन्ह्यांच्या नोंदीचा प्रश्न याहून अवघड. एका प्राथमिकीत अनेक गुन्हे असले तरी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग सर्वांत गंभीर तेवढाच मोजतो. आणि कित्येक तक्रारी ठाणे अंमलदाराच्या टेबलापलीकडे जात नाहीत. पंचायतीत स्त्रियांना आरक्षण मिळाल्यावर स्त्रियांवरच्या गुन्ह्यांची नोंद वाढल्याचं लक्ष्मी अय्यर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं. त्यांच्या मते अत्याचार वाढले नव्हते, तक्रार करायची हिंमत वाढली होती. २०२० मध्ये तर आकडे उताणेच पडले. टाळेबंदीच्या एप्रिल ते जून तिमाहीत शहरी बेकारी वीस टक्क्यांवर गेली. त्या वर्षी एकूण नोंदलेले गुन्हे २८ टक्क्यांनी वाढले, पण ती वाढ मुख्यतः आदेश मोडल्याच्या कलम १८८ खालची, मास्क आणि संचारबंदीची. चोऱ्या मात्र घटल्या होत्या, कारण सगळा देश घरात बसला होता.

भावाचा सिद्धांत आपल्याकडे तपासायचा तर सोनसाखळी चोरीइतका चोख नमुना दुसरा नाही. माल एकच, भाव रोज जाहीर होणारा, आणि वितळवला की ओळख पुसली. अडचण नोंदीची होती. दुचाकीवरून गळ्यातलं मंगळसूत्र ओढून नेलं, तर ते कधी साधी चोरी म्हणून, कधी जबरी चोरी म्हणून लिहिलं जायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ ने हिसकावून नेण्याला स्वतंत्र गुन्हा केलं आहे. सोन्याचा भाव त्यानंतर बराच चढला. आता ठाण्याठाण्याचे महिनावार आकडे त्या भावाशेजारी मांडता येतील. पण पहिल्या वर्ष-दोन वर्षांत दिसणाऱ्या वाढीतून नवं कलम लावायची सवय होत गेल्याचा भाग आधी वजा करावा लागेल.