सोळा ओळींची मागणी

ऑफिसातल्या मुलीला लग्नाची मागणी घालणारी कविता आकाराने लहान असते आणि तिचे काम नेमके असते. तिला एकच वाचक असतो. तो वाचक लिहिणाऱ्याला रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाहत असतो, त्यामुळे त्याच्यापुढे थाप चालत नाही. शिवाय वाचून झाल्यावर त्याला उत्तर द्यायचे असते. मराठीत हिच्या जवळ येणारा प्रकार म्हणजे उखाणा. पण उखाणा लग्न ठरल्यावर किंवा लागल्यावर, चारचौघांत घेतला जातो आणि यमक जुळले की टाळ्या पडतात. मागणीच्या कवितेत नाव घेण्याचा हक्क अजून मिळालेला नसतो आणि टाळ्या वाजवायला कोणी नसते.

बुजरा मुलगा अशा वेळी कवितेकडे वळतो याचे कारण साधे आहे. समोर बोलताना वाक्य अर्ध्यात तुटले तर ते परत जोडता येत नाही. कागदावर ते चार वेळा खोडता येते. ही सोय मात्र त्याला उलटीही पडते. खोडायला वेळ मिळाला की तो वाक्ये सजवू लागतो आणि सांगायचे ते सजावटीखाली जाते. म्हणून छंद सोपा निवडलेला बरा. मंगलाष्टकांचे शार्दूलविक्रीडित कानावर असते, पण त्यात ओळीला एकोणीस अक्षरे, बाराव्या अक्षरानंतर थांबा आणि लघुगुरूंचा क्रम ठरलेला. नवख्या हाताला तो पेलत नाही आणि त्यातली संस्कृत शब्दांची चाल या कामाला फार भारदस्त होते. अभंगाचा सहा-सहा-सहा-चार हा साचा मराठी माणसाच्या अंगवळणी पडलेला आहे, पण तो ऐकताच मन विठ्ठलाकडे जाते. उरते ती अष्टाक्षरी. ओळीला आठ अक्षरे, चार ओळींचे कडवे, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीला यमक. माधव जूलियनांनी ‘छंदोरचने’त मराठी पद्यरचनेची जी बारकाईने मांडणी केली, तीत अशा अक्षरसंख्येवर चालणाऱ्या रचना ‘छंद’ या वर्गात येतात. त्यांत लघुगुरूंचे बंधन नसते.

अक्षरे मोजताना मात्र नवखा माणूस हमखास फसतो. जोडाक्षर एकच धरायचे: ‘लग्न’मध्ये दोन अक्षरे, ‘प्रश्न’मध्येही दोनच. उलट बोलताना ज्या अक्षरातला शेवटचा ‘अ’ ऐकू येत नाही, ते पद्यात पूर्ण मोजायचे. ‘बस’ हा शब्द बोलण्यात एका झटक्यात संपतो, छंदात तो ‘ब-स’ असा दोन अक्षरांचा असतो. बोटांवर मोजून ओळ आठाची भरते, पण म्हणताना अडखळते असे झाले, तर बहुधा हाच घोटाळा असतो. उपाय एकच: ओळ प्रत्येक अक्षर लांबवत, संथपणे म्हणून पाहणे.

आता एक उदाहरण घेऊ. एका तालुक्याच्या गावी सहकारी बँकेची शाखा आहे असे धरू. तिथे एक मुलगा कॅश काउंटरवर बसतो, शेजारच्या खिडकीत त्याच्याच वयाची, त्याच्याच हुद्द्याची मुलगी. दोघे एकमेकांना ‘तू’ म्हणतात. मुलाचा पहिला खर्डा असा:

तुझे डोळे चांदण्यांचे,
तुझे हसू मोगऱ्याचे,
तुझ्याविना माझे जिणे
जसे झाड वाळवंटाचे.

शेवटच्या ओळीत नऊ अक्षरे झाली आहेत आणि ती म्हणताना पाय अडकतो, हा दोष लहान. ‘वाळवंटाचे’च्या जागी ‘माळावर’ घातले तर ओळ आठाची होते, यमक तेवढे पुन्हा शोधावे लागते. मोठा दोष असा की हे कडवे कोणीही कोणालाही देऊ शकतो. चांदणे आणि मोगरा त्या मुलीचे नाहीत. त्यात ‘तुझ्याविना जिणे’ हा दावा तिला खोटा वाटणार, कारण तो रोज दुपारी डबा खाताना तिने पाहिलेला आहे. आणि दावा तिने खरा मानला तर आणखी वाईट, कारण मग नकार म्हणजे त्याच्या जिवावर उठणे ठरते. रूपाची स्तुतीही इथे धोक्याची. ज्या मुलीला उद्या पुन्हा त्याच खिडकीत बसायचे आहे, तिला आपल्या डोळ्यांवर आणि हसण्यावर दिवसभर कोणाची तरी नजर होती हे कळून अवघडायलाच होईल.

मग लिहायचे कशावर? दोघांच्या कामात घडलेल्या आणि दोघांनाही आठवत असलेल्या एखाद्या गोष्टीवर. या मुलाकडे अशी गोष्ट आहे. एके दिवशी कामकाज संपल्यावर हातातली रोकड आणि संगणकावरचा आकडा जुळेना. रोकड दहा रुपयांनी कमी. अशी तूट कॅशियरच्या खिशातून भरली जाते. रक्कम किरकोळ, पण नोंद होते आणि साहेब दोन शब्द ऐकवतात. मुलीचे काम आटोपले होते. तरी ती थांबली, तिने नोटा पुन्हा मोजल्या, मग भरणा पावत्या एकेक करून पाहिल्या. एका पावतीवर 550 रुपये होते आणि मुलाने नोंद 560 ची केली होती. चूक सापडली, दुरुस्त झाली, शाखेत कोणाला कळलेही नाही. या एका संध्याकाळीतून दुसरा खर्डा उभा राहिला:

दहा रुपयांची तूट
सापडेना काही केल्या;
बस गेली, तरी नोटा
तूच पुन्हा मोजलेल्या.

कुणालाही न सांगता
चूक माझी शोधलीस;
हसलीस, पण मला
कधी नाही हसलीस.

जीभ अडते बोलता,
तरी सरळ विचारू?
लग्न करून आपण
घर मिळून उभारू?

‘नको’ वाटले, तरी तू
सांग, भिऊ नको काही;
पुन्हा हाच प्रश्न माझा
तुझ्यापाशी येणे नाही.

पहिल्या कडव्यात प्रेमाचा उल्लेखही नाही. हिशेब, बस आणि नोटा एवढेच. तरी चुकलेली बस फार काही सांगून जाते. तालुक्याच्या गावात संध्याकाळची एक बस गेली की पुढच्या बसची वाट पाहत स्टँडवर किती वेळ जातो, हे दोघांना ठाऊक आहे. आपण थांबलो हे त्याने ध्यानात ठेवले, हे तिला या ओळीत कळते. दुसरे कडवे कवितेतले सर्वांत चांगले. बुजऱ्या माणसाला सगळ्यात मोठी भीती असते ती लोक हसण्याची; ती मुलगी त्याच्यावर हसली नाही, आणि तिच्यातले नेमके काय आवडले ते इथे उघड होते. स्वभावाची अशी स्तुती ऐकताना अवघडायला होत नाही, कारण ती एका खऱ्या कृतीला धरून आहे. यमकाच्या दृष्टीने पहिल्या कडव्यातले ‘केल्या’ आणि ‘मोजलेल्या’ जरा सैल आहेत, पण ते घट्ट करायच्या नादात ‘मोजलेल्या’ हा नेमका शब्द गेला असता. तो राहिला तेच बरे.

तिसऱ्या कडव्यात ‘लग्न’ हा शब्द आला पाहिजे, हा आग्रह महत्त्वाचा. बुजरे लोक इथेच कच खातात आणि ‘साथ’, ‘सोबत’, ‘वाट’ अशा शब्दांच्या आडोशाला जातात. मग वाचणारीला कळत नाही की ही मैत्री आहे, मागणी आहे की नुसतीच कविता. ती उत्तर देऊ शकत नाही आणि मुलगा त्या मौनाचा काहीतरी अर्थ लावत बसतो. ‘घर मिळून उभारू’ यातल्या ‘मिळून’चेही कारण आहे. तीही पगार मिळवते. ‘माझ्या घरी ये’ म्हणणे तिला जुन्या पद्धतीचे वाटले असते.

दोघांमध्ये ‘तुम्ही’चे नाते असेल तर हाच मजकूर वेगळा बसवावा लागतो. एरवी ‘मॅडम’ म्हणणाऱ्याने कवितेत एकदम ‘तू’वर येणे म्हणजे उत्तराआधीच सलगी. ‘शोधलीस’चे ‘शोधलीत’ आणि ‘हसलीस’चे ‘हसलात’ सहज होते, अक्षरे तेवढीच राहतात. पण ‘तूच पुन्हा’चे ‘तुम्हीच पुन्हा’ केले की एक अक्षर वाढते. तिथे ‘तुम्ही पुन्हा’ चालते. ‘तुझ्यापाशी’चे ‘तुमच्यापाशी’ केले तरी एक वाढते, म्हणून शेवटची ओळ ‘तुम्हांपाशी येणे नाही’ अशी करावी लागते.

चौथे कडवे गोडव्यासाठी लिहिलेले नाही, तरी कवितेचा खरेपणा त्याच्यावरच टिकतो. शेजारच्या खिडकीत बसणाऱ्या मुलीला नकार देणे कठीण असते, कारण उद्यापासून रोज तोंड पाहायचे असते. मागणी घालणाऱ्याने ती अडचण स्वतःहून उचलली पाहिजे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध 2013 साली झालेल्या कायद्याचा भर नकोशा वर्तनावर आहे, आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कार्यालयात तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते. नकारानंतर पुन्हा पुन्हा विचारणे, मध्यस्थ पाठवणे, येता-जाता उसासे टाकणे हे सगळे त्या नकोशा वर्तनात मोडू शकते. ‘पुन्हा हाच प्रश्न येणे नाही’ हे वचन आहे आणि ते पाळायचे असते. मुलगा तिचा वरिष्ठ असता, तिची रजा किंवा बढती त्याच्या सहीवर असती, तर कितीही चांगल्या ओळी लिहून ती असमानता मिटली नसती. तिथे ही कविता देऊच नये.

कविता द्यायची कशी, हेही तिच्या रचनेइतकेच नेमके आहे. स्वतःच्या हाताने, साध्या कागदावर, बँकेचे लेटरहेड किंवा व्हाउचरची पाठकोरी बाजू न वापरता. काउंटरवर गिऱ्हाईक असताना नाही, आणि शाखेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नाही. चार लोकांसमोर विचारले की ‘हो’ म्हणण्याचा दबाव येतो. आधी मित्राला वाचून दाखवायचा मोह टाळावा, कारण शाखेत दोघांना कळले की शिपायापासून साहेबांपर्यंत सर्वांना कळते. काम संपल्यावर कागद हातात द्यावा, ‘घरी जाऊन वाच, सवडीने सांग’ एवढे म्हणावे आणि ती वाचत असताना समोर उभे राहू नये. पाठोपाठ ‘वाचलेस का’ असा मेसेज टाकला तर चौथ्या कडव्याचा सगळा अर्थ गेला.

होकार आला तर नातेवाइकांची एक फर्माईश ठरलेली असते: हीच कविता मंगलाष्टकांत म्हणा. ती चालीत बसणार नाही, आठ अक्षरांची ओळ एकोणीस अक्षरांच्या जागी ताणली जात नाही. बसवायची झालीच तर मुलीला विचारूनच, कारण कागद आता तिचा आहे.