उसाचे बिल आणि केळीचा भाव

सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा आणि माढा तालुक्यांत उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी एका बांधावर उभे राहिले की अलीकडे ऊस आणि पलीकडे केळी दिसते. माती तीच, पाणीही तेच. पंधरा-वीस वर्षांपूर्वी दोन्हीकडे बहुधा ऊसच असता. आता कंदरसारख्या गावांतून केळीचे कंटेनर आखातात आणि इराणकडे जातात, तर त्याच रस्त्यावरून हंगामात उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरही चालतात. पाण्याची सोय असलेल्या शेतकऱ्याने यातले काय लावावे, याचे उत्तर गावात सहसा नफ्याच्या आकड्यावरून दिले जाते. पण खरा फरक पैसा कधी घालावा लागतो आणि तो परत कधी, कोणाकडून येतो यात आहे.

एका एकराचा ढोबळ हिशेब मांडू. उसाची मशागत, बेणे, खते, भांगलण, बांधणी आणि पाणी मिळून साधारण ५५ हजार रुपये जातात, आणि तेही टप्प्याटप्प्याने. उत्पादन ५० टन धरले. २०२५-२६च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेला रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये आहे. सोलापूरकडे अनेक कारखान्यांचा उतारा याहून कमी असतो. शिवाय तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्याच दरातून वजा होतो. हातात टनाला २,६०० रुपये आले असे मानले, तर बिल १ लाख ३० हजारांचे होते आणि खर्च जाता ७५ हजार उरतात. पुढच्या वर्षी खोडवा ठेवला की बेणे आणि लागणीचा खर्च वाचतो, उत्पादन मात्र थोडे उतरते.

केळीचा आकडा सुरुवातीलाच घाम फोडतो. सहा बाय पाच फुटांवर एकरी १,४५२ ऊतिसंवर्धित रोपे बसतात. जी-नाईनचे रोप १८ रुपयांचे धरले तर नुसत्या रोपांचे २६ हजार होतात. त्यावर ठिबक, ठिबकमधून सोडायची खते, फवारण्या, घडांच्या पिशव्या आणि मजुरी मिळून खर्च दीड लाखाच्या घरात जातो. मर आणि वाया गेलेली झाडे सोडून १,३०० घड हाती लागले आणि सरासरी वजन २५ किलो भरले, तर माल साडेबत्तीस टन होतो. भाव १५ रुपये किलो मिळाला तर ४ लाख ८७ हजार. दहा मिळाला तरी सव्वातीन लाख. चार रुपये मिळाला तर १ लाख ३० हजार, म्हणजे वीस हजारांचा खड्डा. किलोमागे साडेचार-पावणेपाच रुपयांच्या खाली ही बाग तोट्यात जाते. केळीच्या भावाने वीस रुपयांची पातळीही ओलांडलेली आहे आणि पाचाच्या खालीही तोंड दाखवलेले आहे, म्हणून बांधावर उभे राहून ‘केळीत किती सुटतात’ असे विचारण्याला फारसा अर्थ नाही.

मजुरीचा भाग तर दोन वेगळ्या शेतकऱ्यांचा वाटावा इतका निराळा आहे. उसाला लागण, एक-दोन भांगलणी, खत आणि मोठी बांधणी झाली की पीक आपापले वाढते. मालक नोकरीला असला तरी चालते. केळीला दर तीन-चार आठवड्यांनी पिले काढावी लागतात, नाहीतर मातृझाडाचे खाद्य तीच खातात. जुनी, करप्याची पाने कापायची. निसवण झाली की केळफूल खुडायचे, फण्या मोजून आठ-नऊच ठेवायच्या, घडाला पिशवी चढवायची आणि जड घडांच्या झाडांना आधार द्यायचा. ही कामे सराईत हातांची आहेत आणि तारीख चुकली की सालीवरचा डाग निर्यातीचा माल स्थानिक करून टाकतो.

उसाच्या तोडणीत शेतकऱ्याचे अंग राबत नसले तरी जीव टांगणीला लागतोच. टोळी कारखाना पाठवतो, पण ती कधी येईल हे चिटबॉय आणि मुकादमाच्या हातात. काही भागांत तोडणीसाठी वरून पैसे मागितले जातात, त्याला ‘खुशाली’ असे गोंडस नाव आहे. नोंद उशिरा लागली आणि ऊस तुऱ्यावर आला, की वजन आणि साखर दोन्ही घटते. केळीची कापणी मात्र व्यापाऱ्याची टोळी करते आणि माल तयार झाला की दिवस मोजून करावी लागते.

आता पैशाकडे. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत बिल मिळायला हवे, नाहीतर थकीत रकमेवर वर्षाला १५ टक्के व्याज. वरच्या एकराचे सव्वा लाख तीन महिने रखडले तर साडेचार हजारांच्या वर व्याज होते. प्रत्यक्षात ते मिळवणारे विरळा. पैसे न देणाऱ्या कारखान्यावर साखर आयुक्त महसुली वसुलीचा आदेश काढतात आणि जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जप्तीची कारवाई होते, मात्र तोवर सोसायटीच्या पीककर्जाची मुदत टळते. वेळेवर फेडणाऱ्याला तीन लाखांपर्यंतचे कर्ज शून्य टक्क्याने पडते. मुदत गेली की ती सवलतही जाते. राज्य सरकारने २०२२मध्ये एफआरपी दोन टप्प्यांत देण्याचा निर्णय केला होता. तो मार्च २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. एवढे सगळे असले, तरी मागण्यासाठी कायदा, पावती आणि दार आहे.

केळीच्या व्यापाऱ्याचे गणित याच्या उलट. चांगला व्यापारी वजन झाल्यावर आठवड्याच्या आत पैसे देतो, काहीजण लगेच. पण २०१६मध्ये राज्याने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि बांधावरचा व्यवहार बहुतांशी तोंडी झाला. बाग एकाच वेळी उतरत नाही. दोन महिन्यांत तीन-चार कापण्या होतात. पहिल्या कापणीचे पैसे अर्धे देऊन दुसरीला येणारा माणूस हा धोक्याचा पहिला बोर्ड आहे, कारण पिकायला आलेला माल थांबत नाही आणि उरलेल्या रकमेपोटी शेतकरी त्याच्याच ताब्यात जातो. म्हणून जाणती मंडळी मागच्या कापणीची पूर्ण रक्कम खात्यात आल्याशिवाय पुढची गाडी लावू देत नाहीत आणि वजनाची चिठ्ठी सहीनिशी ठेवतात.

‘खात्रीचे पाणी’ या शब्दांनाही तपासून घ्यावे. २०२३-२४च्या टंचाईत उजनीचा साठा उण्यात गेला आणि फुगवट्याकाठच्या मोटारी पाण्याच्या मागे सरकवाव्या लागल्या. अशा वेळी ऊस सुकतो, वजन गमावतो, पण तगतो. निसवलेल्या केळीला ऐन उन्हात आठ-दहा दिवस पाणी तुटले तर घड भरत नाही. शिवाय वळवाच्या एका वादळात घड लागलेली बाग आडवी होते. 

म्हणून याच पट्ट्यातले अनेकजण एकच पीक निवडत नाहीत. पाच एकर असले तर केळी दोन एकरांतच, तीही रस्त्याला लागून, कारण घड खांद्यावरून लांब न्यावे लागले की माल घासतो. ऊस आतल्या तुकड्यांत ठेवतात, जिथे बैलगाडी जाऊ शकते. केळीच्या पट्ट्यात एक-दोन पिके झाली की तिथे ऊस लावतात. केळीचा बेवड उसाला मानवतो असा त्यांचा अनुभव आहे आणि केळीच्या मुळांवरचे सूत्रकृमीही त्या काळात काही प्रमाणात मागे हटतात.