फोटो मिळाला, प्रश्न नाही मिळाला

रात्री साडेनऊच्या सुमाराला क्लासच्या फोनवर एक फोटो आला. खाली एक अक्षर नाही. आमच्याच सरावपत्रिकेचा कागद, ट्यूबलाइटच्या उजेडात पलंगावर ठेवून काढलेला, वरून हाताची सावली. त्यातल्या एका गणिताला पेन्सिलीनं गोल केला होता. मी चष्मा पुसून वाचलं: x² − 7x + 18 = 0. विवेचक काढला, 49 − 72, म्हणजे −23. ऋण आला. मग उत्तर लिहून पाठवलं, ‘या समीकरणाला वास्तव मुळं नाहीत,’ आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीच्या वडिलांचा फोन. ‘सर, तुमच्याच उत्तरसूचीत 9 आणि −2 दिलंय. पोरगी सकाळपासून रडतीय, सूची चुकली का सर चुकले म्हणून.’ संध्याकाळी ती कागद घेऊन आली तेव्हा उलगडा झाला. पत्रिका पातळ झेरॉक्सच्या कागदावर, पाठपोट. मागच्या बाजूला तिनं बॉलपेन दाबून काहीतरी सोडवलं होतं आणि त्यातला एक ‘1’ नेमका पुढच्या वजाच्या चिन्हामागे आला होता. फोटोत तो आरपार दिसला आणि वजाचं अधिक झालं. खरं गणित होतं x² − 7x − 18 = 0. त्याचे अवयव (x − 9)(x + 2), मुळं 9 आणि −2. सूची बरोबर होती, चुकलो मीच.

त्यानंतर आम्ही पालकांना एक पत्र पाठवलं. साताऱ्यातला आमचा क्लास लहान आहे, शिकवणारे चौघे आणि निरोपांचा फोन एक. पत्राची सुरुवात अशी होती:

‘सप्रेम नमस्कार. यापुढे शब्द नसलेल्या नुसत्या फोटोला क्लासकडून उत्तर मिळणार नाही. असा फोटो आला तर आम्ही फक्त “मजकूर लिहून पाठवा” एवढंच कळवू. हा नियम कडक वाटेल, म्हणून कारणं सांगतो.’

दोन पालकांना ते खरंच कडक वाटलं. एका आईनं लिहिलं, ‘फोटोत सगळं दिसतंय की सर, पुन्हा लिहायचं कशाला?’ प्रश्न रास्त आहे. फोटोत खरंच सगळं दिसत असतं, पण ते पाठवणाऱ्याला. तिच्यासमोर कागद असतो, मुलगा असतो, कुठं अडलंय ते ठाऊक असतं. आमच्याकडे येतो त्या कागदाचा अशक्त झालेला ठसा.

अशक्त का, ते थोडं सविस्तर सांगतो. साध्या फोनचा १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा 4000 × 3000 बिंदूंचा फोटो काढतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीनं तो गेला की त्याची लांब बाजू साधारण 1600 बिंदूंवर येते, म्हणजे उरतो सहावा हिस्सा. आता पाठ्यपुस्तक उघडं ठेवून दोन्ही पानं एकदम टिपली, तर रुंदी झाली चाळीसेक सेंटीमीटर. एका मिलिमीटरला आले चार बिंदू. x च्या डोक्यावरचा वर्गाचा बारका 2 जेमतेम दीड मिलिमीटर उंच असतो. त्याच्या वाट्याला सहा बिंदू. सहा बिंदूंत 2 आणि 3 सारखेच दिसतात. शिवाय फोटो हलका करताना तो आठ बाय आठ बिंदूंच्या चौकोनांत तोडून त्यातले बारकावे गाळले जातात, आणि बारकाव्यांत पहिल्यांदा जाते ती पेन्सिलीची फिकट रेघ. तेच जर फक्त त्या एका गणिताची दहा सेंटीमीटरची ओळ टिपली, तर त्याच 2 ला चोवीस बिंदू मिळतात आणि तो न अडखळता वाचता येतो.

पण स्वच्छ फोटोनंही सगळं भागत नाही. त्या मुलीचंच उदाहरण घ्या. समजा तिचा फोटो आरशासारखा लख्ख आला असता. मी चार ओळींत अख्खं गणित सोडवून पाठवलं असतं आणि तिनं ते वहीत उतरवून घेतलं असतं. तिची चूक तशीच राहिली असती. ती कागद घेऊन आली तेव्हा मी विचारलं, ‘तू काय केलं होतंस?’ तिनं वही उघडली. तिनं लिहिलं होतं (x + 9)(x − 2). गुणाकार −18 बरोबर जुळवला होता, पण बेरीज +7 येते हे तपासलंच नव्हतं. −7 हवी तर मोठ्या संख्येला वजा, एवढं सांगायला मला अर्धं मिनिट लागलं. तिची ती एक ओळ आदल्या रात्री फोटोखाली असती, तर मला चिन्ह चुकून दिसलं असतं तरी गफलत लगेच ध्यानात आली असती: 9 आणि 2 चा गुणाकार 18, पण चिन्हं विरुद्ध, मग शेवटचं पद अधिक कसं?

म्हणून पत्रात पुढे लिहिलं की फोटोखाली चार गोष्टी हव्यात: मुलाचं नाव व इयत्ता, माध्यम, गणित कुठलं, आणि मुलानं कुठपर्यंत आणलंय. माध्यम विचारतो कारण मराठीवाल्यांचा ‘सरावसंच’ सेमीवाल्यांना ‘प्रॅक्टिस सेट’ असतो, आणि सेमीच्या मुलाला मी ‘विवेचक’ म्हटलं की तो माझ्याकडे नुसता बघत राहतो. नमुनाही दिला:

```
(मुलीचं नाव), १०वी सेमी
सरावपत्रिका 6, गणित 4
x^2 - 7x - 18 = 0
मी केलं: (x+9)(x-2) = 0
उत्तर जुळत नाही
```

वर्ग दाखवायला ती ^ खूण फोनच्या चिन्हांच्या कीबोर्डवर असते. सापडली नाही तर ‘x चा वर्ग’ लिहा, आम्हाला तेवढंच हवंय. फक्त अपूर्णांक लिहिताना कंस विसरू नका. (x+3)/(x-2) आणि x+3/x-2 ही दोन वेगळी गणितं आहेत. x ला 4 घेऊन बघा: पहिल्याचं उत्तर 3.5, दुसऱ्याचं 2.75.

पुन्हा पाठवायचं कसं, याबद्दल बऱ्याच जणांचा समज असा की सगळं नव्यानं करावं लागतं. तसं नाही. फोटो वाचण्यासारखा असेल तर आपण पाठवलेल्या त्याच फोटोवर बोट ठेवून उजवीकडे सरकवा. खाली लिहायची जागा उघडते आणि तिथं लिहिलेला मजकूर त्या फोटोला चिकटून येतो. खाली सुटा मजकूर लिहू नका. मध्ये दुसऱ्या कुणाचा निरोप नाही, पण तुमचेच तीन फोटो असतील, तर कुठला मजकूर कुठल्या फोटोचा हे आम्हाला ओळखता येत नाही.

फोटो अंधुक असेल तर मात्र पुन्हा काढावा लागेल. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, कागद टेबलावर सपाट आणि फोन त्याच्या बरोबर वर आडवा. एकच गणित चौकटीत घ्या. कागद पातळ असेल तर त्याच्याखाली काळा कागद किंवा गडद रंगाची वही सरकवा. मागची शाई आरपार दिसायची बरीच कमी होते. (हे आम्ही त्या रडारडीनंतर शिकलो.) पाठवण्याआधी वरच्या पट्टीत HD असं दिसतं, त्यावर बोट लावा. व्हॉट्सअ‍ॅपनं ही सोय ऑगस्ट २०२३ मध्ये आणली. फोटो थोडा जड जातो, पण बारका 2 वाचतो.

भूमितीला अर्थातच फोटो हवाच. वर्तुळ, जीवा, स्पर्शिका यांचं शब्दांत वर्णन करायला लावणं म्हणजे पालकांचा छळ. तिथं आकृतीसोबत दोनच ओळी द्या: काय दिलंय आणि काय सिद्ध करायचंय. मुलांच्या कच्च्या आकृतीत काटकोन कधी काटकोनासारखा दिसत नाही, म्हणून ‘कोन B काटकोन आहे’ हे लिहिलेलं असलं की आमचा अंदाज चुकत नाही.

गणितापेक्षा जास्त घोळ घालतो तो फीचा स्क्रीनशॉट. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पैसे भरल्याची हिरवी बरोबरची खूण असलेले फोटो लागोपाठ येतात. पैसे मामाच्या खात्यातून गेलेले, फोन आजीचा, आमच्याकडे तो नंबर नुसता आकड्यात. कुणाच्या नावावर जमा धरायचे? प्रत्येक यूपीआय व्यवहाराला १२ आकडी क्रमांक असतो. तो टाइप करून पाठवला तर आमच्या ऑफिसमधल्या ताई तोच उचलून बँकेच्या नोंदीत शोधतात. फोटोतून तो हातानं उतरवावा लागतो, आणि बारा आकड्यांत 6 चा 8 व्हायला वेळ लागत नाही. मार्चमध्ये एखादा पालक ‘ऑगस्टची फी दिली होती’ म्हणतो तेव्हाही फोनच्या शोधात मुलाचं नाव टाकून मजकूरच सापडतो. बिननावाचा फोटो शोधायला सात महिन्यांचे सुविचार आणि सूर्योदय ओलांडत मागे जावं लागतं.

पत्र तयार झाल्यावर त्या ताईंनीच एक त्रुटी दाखवली. ‘सर, ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी काय करायचं? आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या आयाही आहेत.’ मग शेवटी भर घातली: लिहिणं जमत नसेल तर फोटोपाठोपाठ पंधरा सेकंदांचा आवाजी निरोप पाठवा, मुलाचं नाव आणि गणिताचा क्रमांक बोला. पुढचं आम्ही लिहून घेऊ. मुलगा घरी असेल तर त्यालाच बोलू द्या, कारण कुठं अडलंय ते त्यालाच ठाऊक असतं.

हे लागू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तीच मुलगी, रात्री तीच वेळ. फोटोच नव्हता. नुसत्या चार ओळी होत्या, नाव, इयत्ता, सरावपत्रिका 7, आणि समीकरण. पाचवी ओळ निम्मी लिहून खोडलेली असावी, कारण दोन मिनिटांनी दुसरा निरोप आला: ‘सर, लिहिता लिहिता चूक सापडली. राहू द्या.’