बेअरिंगच्या उष्णतेचे दप्तर

महाराष्ट्रातील साखर कारखान्यांत गळीत हंगाम एकदा सुरू झाला, की बॉयलरच्या मागे, धुराड्याच्या अलीकडे उभा असलेला जो प्रचंड पंखा बगॅसच्या भट्टीतील धूर अहोरात्र ओढून बाहेर घालवतो आणि ज्याला तेथील सारे ‘आयडी फॅन’ म्हणतात, त्याच्या दोन बेअरिंगांवर उभ्या कारखान्याची मदार असते. हा पंखा अकस्मात थांबला, तर भट्टीचा जाळ आवरावा लागतो, वाफेचा दाब उतरतो, मिल थांबते, आणि तोडून आणलेल्या उसातील साखर गव्हाणीपाशी तिष्ठत असतानाच घटू लागते.

या बेअरिंगांच्या घरांत प्लॅटिनमच्या बारीक तारेचा एकेक सेन्सर बसवलेला असतो. शून्य अंश सेल्सिअसला या तारेचा विद्युत्-रोध १०० ओहम असतो व पुढे दर अंशामागे तो सुमारे ०.३८५ ओहमने वाढतो. हा रोध मोजून नियंत्रण कक्षातील पडद्यावर तापमानाचा आकडा उमटतो. आकडा ८५ अंशांवर गेला की घंटा वाजावी, असा बंदोबस्त बहुधा केलेला असतो. परंतु ही ठरावीक मर्यादा, माझ्या मते, फार उशिरा जागा होणारा पहारेकरी आहे. पौषातल्या पहाटे बाहेरची हवा १२ अंशांवर असताना बेअरिंग ५५ अंश दाखवीत असेल, तर तो आकडा निरुपद्रवी भासतो. वस्तुतः हवेहून ४३ अंश अधिक तापलेले ते बेअरिंग आजारी असू शकते, आणि दुपारच्या ३२ अंशांत ६७ दाखवणारे दुसरे मात्र पूर्णतः निरोगी असते.

म्हणून चौकशी तापमानाची न करता हवेपेक्षा झालेल्या वाढीची करावी लागते, आणि तीही पंख्यावरील भार ध्यानात घेऊन. हंगामाच्या आरंभी, यंत्र सुस्थितीत आहे अशी फिटरने खात्री दिलेल्या दिवसांत, मोटारीच्या अमुक अँपिअरला वाढ किती असते याची नोंद करून ठेवली, की पुढे दररोजच्या सरासरी वाढीतून ही अपेक्षित वाढ वजा करून जी शिल्लक उरते, तीच खरी वार्ता होय. मात्र एकेका दिवसाची शिल्लक अंश-दीड अंशाने खालीवर होतच असते; तेव्हा ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ पेज यांनी १९५४ साली मांडलेली संचयी बेरजेची रीत येथे उपयोगी पडते. रोजच्या शिल्लकेतून एक अंशाची सूट वजा करावी, उरेल ते आदल्या दिवसाच्या बेरजेत मिळवावे, बेरीज शून्याखाली जाऊ लागली तर शून्यच धरावी, आणि ती दहाच्या पुढे गेली की इशारा द्यावा.

उदाहरणादाखल असे धरू, की अपेक्षित वाढ ३५ अंश आहे आणि ग्रीस हळूहळू सुकू लागल्यामुळे सात दिवसांच्या शिलका १, १.५, २, २.५, ३, ३.५ व ४ अशा चढत गेल्या. सूट वजा जाता बेरीज अनुक्रमे ०, ०.५, १.५, ३, ५, ७.५ व १०.५ होते, म्हणजे सातव्या दिवशी इशारा मिळतो. त्या दिवशी हवेची सरासरी २४ अंश असेल, तर बेअरिंगचे तापमान अवघे ६३ आहे. ८५ ची घंटा अद्याप बावीस अंश दूर आहे. दुरुस्ती मध्यरात्री जिवावर उदार होऊन करण्याऐवजी साफसफाईसाठी ठरलेल्या पुढच्या बंदीत करता येते, हाच या सात दिवसांच्या हिशेबाचा मोबदला.

इशारा मिळाल्याबरोबर बेअरिंगवर आरोप ठेवणे मात्र अन्यायाचे ठरेल. प्रथम जोडीदार बेअरिंग पाहावे: दोन्ही एकसारखी चढली असतील, तर कारण बहुधा भारात किंवा सभोवतालच्या उष्णतेत असते; एकच चढले असेल, तर दोष त्याच्यापाशी शोधावा. नंतर आलेख पाहावा. लोखंडाच्या जड घराला तापायला वेळ लागतो, त्यामुळे एका मिनिटात आठ अंशांची उडी खरी असू शकत नाही. ती ढिल्या जोडणीची खूण होय, कारण दोन-तारी जोडणीत एक ओहमचा अधिक रोधही अडीच अंशांहून जास्त खोटी उष्णता दाखवतो. शेवटी ऑइलमनची नोंदवही मागवावी. नवे ग्रीस भरल्यावर तापमान काही काळ चढते आणि मग आपोआप उतरते. न उतरल्यास ग्रीस प्रमाणाबाहेर भरले गेले असण्याचा संभव असतो, आणि अशा वेळी आणखी ग्रीस भरणे म्हणजे रोगच वाढवणे.

या पद्धतीची एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. वंगणाचा बिघाड ती चांगला ओळखते. पण बेअरिंगच्या धावेवर सूक्ष्म खड्डा पडू लागला, तर त्याची चाहूल कंपनांत पुष्कळ आधी लागते आणि उष्णता शेवटच्या टप्प्यावरच वाढते. म्हणून आयडी फॅनवर कंपनमापकाची हजेरीही असावीच. आणि नवे बेअरिंग बसवल्यावर जुनी अपेक्षित वाढ दप्तरातून खारीज करून, ते रुळेपर्यंतचे पहिले दिवस सोडून, नवी नोंद घ्यावी. अन्यथा एका बेअरिंगचा हिशेब दुसऱ्याच्या नावे मांडला जाईल.